एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता गेली तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळा लाल नाही, दुखत नाही, पाणी येत नाही, तरी एका डोळ्यासमोर अचानक अंधार आला, असं लिहून लोक विचारतात तेव्हा प्रश्नाची वेळ पाहून पुष्कळदा पोटात गोळा येतो. प्रश्न दुपारचा असतो आणि नजर सकाळीच गेलेली असते. म्हणून या पानाचा बराचसा भाग एकाच आजाराला दिला आहे: डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी बंद पडणं. बाकीची कारणं या आजाराशी गल्लत होऊ नये इतपतच घेतली आहेत.

१. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालंय, पण काहीच दुखत नाही. उद्या सकाळी दाखवलं तर चालेल का?

नाही, आत्ताच निघा. रात्र असली, सुट्टी असली, नजर थोडी सुधारल्यासारखी वाटली तरी निघा. काही सेकंदांत एका डोळ्याची नजर गेली आणि दुखलं नाही, तर पडद्याची धमनी बंद पडली आहे असं धरूनच वागायचं. तपासणीत दुसरं काही निघालं तर चांगलंच.

वैद्यकीय भाषेत हा पक्षाघाताचाच एक प्रकार आहे, फक्त मेंदूऐवजी डोळ्यात झालेला. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये काढलेल्या निवेदनातही तो पक्षाघातासारखाच तातडीने हाताळावा असं म्हटलं आहे. हात लुळा पडला तर कोणी सकाळची वाट पाहत नाही. डोळा दुखत नाही म्हणून मात्र पाहतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

२. पण एवढी मोठी गोष्ट घडते आणि दुखत कसं नाही?

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आतून जो पातळ पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं, त्यात वेदना नेणाऱ्या नसा नाहीत. त्याचं रक्त तुटलं तर तो दुखत नाही, नुसता काम थांबवतो.

या पडद्याच्या आतल्या थरांना रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच आहे. तिचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी असतो. मानेतली कॅरोटिड ही मोठी धमनी मेंदूकडे जाताना डोळ्यासाठी एक फांदी देते आणि त्या फांदीची ही उपफांदी. मानेतल्या धमनीच्या भिंतीवर साठलेल्या चरबीच्या थराचा कण सुटला, किंवा हृदयात तयार झालेली गुठळी वाहत आली, तर ती डोळ्यात अडकते की मेंदूत, हा बहुतेक वेळा योगायोगाचा भाग असतो. वाट दोघांचीही तीच. नजर गेलेल्या माणसाच्या मानेची आणि हृदयाची तपासणी का करतात, ते यावरून कळेल.

३. खरंच एकाच डोळ्याचं गेलंय का, हे घरी कसं तपासायचं?

एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. मग दुसरा झाका आणि पुन्हा बघा. याला अर्धं मिनिट पुरतं. पापणी दाबू नका, नाहीतर हात काढल्यावर काही वेळ अंधुकच दिसतं आणि गोंधळ होतो.

एक डोळा झाकल्यावर सगळं स्वच्छ आणि दुसरा झाकल्यावर अंधार, तर दोष एका डोळ्यात आहे. पण कोणताही डोळा झाकला तरी चेहऱ्याची तीच बाजू, समजा उजवी, दिसत नसेल, तर दोष डोळ्यात नसून मेंदूत आहे. अशी माणसं हमखास "उजवा डोळा गेला" असं सांगतात, कारण त्यांना उजवीकडचं दिसत नसतं. दोन्ही प्रसंगी जायचं त्याच ठिकाणी आणि त्याच घाईने, फक्त हा फरक डॉक्टरांना सांगितला तर त्यांचा बराच वेळ वाचतो.

त्याच वेळी घड्याळ बघून दोन वेळा कागदावर लिहा: शेवटचं नीट दिसत होतं ती वेळ आणि दिसत नाही हे लक्षात आलं ती वेळ. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर पहिली वेळ म्हणजे झोपण्यापूर्वीची. उपचाराचा निर्णय पहिल्या वेळेवरून होतो.

४. पडद्याकडे वेळ किती असतो?

याचं सगळ्यात नेमकं उत्तर माकडांवरच्या प्रयोगांतून आलेलं आहे. त्यांच्या पडद्याची धमनी पूर्ण बंद केली तर सुमारे ९७ मिनिटांपर्यंत मोजता येण्याजोगं नुकसान झालं नाही. २४० मिनिटांनंतर, म्हणजे चार तासांनी, जवळजवळ सगळा पडदा कायमचा गेला होता.

माणसात धमनी बऱ्याचदा पूर्ण बंद नसते, थोडं रक्त झिरपत असतं, त्यामुळे हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत. पण घड्याळाचा वेग त्यांवरून कळतो. पक्षाघातासाठी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि डोळ्यासाठी विचार करतात तेव्हाही हीच मर्यादा धरतात (प्रश्न ८ पाहा). त्यातला तासभर रुग्णालयातल्या तपासण्यांतच जातो, हे घरून निघताना लक्षात असू द्या.

५. आधी नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ की थेट मोठ्या रुग्णालयात?

जिथे पक्षाघाताच्या रुग्णावर चोवीस तास उपचार होतात, मेंदूचं सीटी स्कॅन लगेच निघतं, अशा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात थेट जा. तिथे नेत्रतज्ज्ञ असेल तर उत्तमच. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला जाण्यात हाती असलेला वेळच संपतो. नेत्रतज्ज्ञांचा दवाखाना अगदी शेजारी असेल आणि ते लगेच बघणार असतील, तरच आधी तिथे जा, तेही फोन करून.

दारात "डोळ्याचा त्रास आहे" एवढंच म्हटलं तर रांगेत बसवतील. असं सांगा: "सात वाजून दहा मिनिटांनी उजव्या डोळ्याची नजर अचानक गेली, दुखत नाही, डोळ्याचा पक्षाघात असू शकतो." गाडी स्वतः चालवू नका. चालू गोळ्यांची यादी बरोबर घ्या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी असेल तर शेवटची कधी घेतली ते.

६. रुग्णालयात नेमकं काय करतात? एखादं उदाहरण घेऊन सांगा.

समजा, ६७ वर्षांच्या एक बाई आहेत, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी ७:१० वाजता वाचता वाचता उजव्या डोळ्यासमोर करडा पडदा उतरल्यासारखं झालं आणि दहा सेकंदांत सगळं गेलं. ७:५० ला त्या रुग्णालयात पोहोचल्या. उजव्या डोळ्याने त्यांना समोर हात हलतोय एवढंच कळतं, बोटं मोजता येत नाहीत.

पहिली तपासणी साध्या टॉर्चची असते. खोली अंधारी करून प्रकाश डाव्या, चांगल्या डोळ्यावर टाकतात. दोन्ही बाहुल्या आकसतात. टॉर्च झटकन उजव्या डोळ्यावर नेली की आकसून राहण्याऐवजी दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात. उजव्या डोळ्यातून मेंदूला प्रकाशाची खबरच नीट पोहोचत नाही, असा याचा अर्थ. बाहुली मोठी करायचे थेंब यानंतरच घालायचे, आधी घातले तर ही खूण हातची जाते. घाईत नेमकी इथेच चूक होते.

त्याच वेळी हातातून रक्त घेतलं जातं: साखर, पेशींची मोजणी, आणि शरीरात कुठे सूज आहे का हे दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या चाचण्या. रक्तदाब १६८/९२ निघतो. तो घाबरून एकदम उतरवायचा नसतो, कारण अडकलेल्या रक्तवाहिनीतून जे थोडं रक्त जातंय ते त्या दाबावरच जातंय. ईसीजी काढतात, हृदयाची लय नियमित आहे. ८:१५ ला मेंदूचं सीटी स्कॅन होतं, रक्तस्राव नाही. पडद्याच्या छायाचित्रात पडदा फिका दिसतो आणि ओसीटी या प्रकाशाने काढलेल्या छेदात त्याचे आतले थर सुजलेले दिसतात. डोकं किंवा जबडा दुखतो का, हे आवर्जून विचारतात (का, ते प्रश्न १० मध्ये). उत्तर नाही असं येतं, ईएसआरही २२ आहे, म्हणजे वाढलेला नाही.

आता ८:४० झाले आहेत, सुरुवातीपासून दीड तास. धमनी बंद आहे हे जवळपास नक्की. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं का, हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञ बाईंशी आणि घरच्यांशी बोलून घेतात. निर्णय काहीही झाला तरी त्या दाखल होतात. दुसऱ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागात दोन बारीक ताजे ठिपके सापडतात, ज्यांची त्यांना जाणीवही झालेली नव्हती. मानेच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीत उजवी कॅरोटिड ८० टक्के अरुंद निघते. दोन आठवड्यांच्या आत ती शस्त्रक्रियेने मोकळी करण्याचं ठरतं. गेलेली नजर त्या शस्त्रक्रियेने येणार नाही. ती करायची ती पुढचा मोठा पक्षाघात टाळण्यासाठी.

७. दहा मिनिटं अंधार झाला आणि मग पूर्ण दिसायला लागलं. आता जायची काय गरज?

मी तर म्हणेन, याच माणसाने सगळ्यात आधी जावं, कारण त्याचं अजून काहीच गेलेलं नाही. पडदा वरून खाली उतरावा तसा अंधार येणं, काही मिनिटं राहणं आणि ओसरणं, म्हणजे गुठळी अडकली आणि फुटून पुढे गेली. मेंदूच्या तात्पुरत्या झटक्याचंच हे डोळ्यातलं रूप आहे. पूर्ण पक्षाघाताचा धोका पुढच्या काही दिवसांत आणि आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. तपासणी तीच जी प्रश्न ६ मध्ये आहे, आणि तीही त्याच दिवशी. डोळा तपासून "सगळं ठीक आहे" म्हणून घरी पाठवलं, पण मान आणि हृदय कोणी पाहिलं नाही, तर काम अर्धंच झालंय.

दोन्ही डोळ्यांसमोर चमचमती नागमोडी रेघ येऊन वीसेक मिनिटांत सरकत जाणं हे अर्धशिशीचं लक्षण असू शकतं. तिथे नजर जाण्याऐवजी काहीतरी जास्तीचं दिसतं. पण पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं तर अर्धशिशीच आहे असं स्वतः ठरवू नये.

८. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने नजर परत येते का?

काहींची येते, पण खात्री देता येत नाही. पहिल्या साडेचार तासांत शिरेतून इंजेक्शन मिळालेल्या रुग्णांच्या नोंदींत सुधारणा झालेल्यांचं प्रमाण जास्त दिसलं. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या काटेकोर चाचण्यांत मात्र तो फायदा तितक्या ठामपणे सिद्ध झालेला नाही. थेट डोळ्याच्या धमनीपर्यंत नळी नेऊन औषध सोडण्याची युरोपातली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात फायदा दिसला नाही आणि त्रास मात्र जास्त झाले.

इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होण्याचा थोडा पण खरा धोका असतो. अलीकडे मोठी शस्त्रक्रिया झालेली असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा वेळ उलटून गेली असेल तर ते देत नाहीत. आणखी एक अडचण सांगायला हवी. अडकलेला कण बऱ्याचदा ताज्या रक्ताचा नसून चरबीचा किंवा कॅल्शियमचा असतो, आणि तो या औषधाने विरघळत नाही. म्हणून "इंजेक्शन मिळालं असतं तर नजर वाचलीच असती" असं कोणी स्वतःला किंवा घरच्यांना लावून घेऊ नये.

९. डोळा चोळणं, कागदी पिशवीत श्वास घेणं, घरी अ‍ॅस्पिरिन घेणं, यातलं काही करू का?

काहीच करू नका. बंद पापणीवरून डोळा दाबून सोडणं, डोळ्यातलं पाणी सुईने काढणं, पिशवीत श्वास घेणं हे जुने उपाय आहेत. त्यांनी नजर सुधारते असा भक्कम पुरावा नाही, वेळ मात्र जातो. घरात असलेले थेंब घालण्यातही अर्थ नाही, थेंब या धमनीपर्यंत परिणाम करत नाहीत.

अ‍ॅस्पिरिनचा मोह सगळ्यात जास्त होतो. ते पुढे डॉक्टर देतीलही, पण मेंदूत किंवा डोळ्यात रक्तस्राव नाही हे स्कॅन आणि तपासणीनंतरच कळतं. नेहमीची गोळी सुरू असेल तर तीही स्वतःहून वाढवू नका.

१०. वय पन्नाशीच्या पुढे असलं की डॉक्टर "जबडा दुखतो का" असं का विचारतात?

कारण एक आजार असा आहे की त्याचा उपचार काही तास लांबला तर दुसराही डोळा जाऊ शकतो. त्याला जायंट सेल आर्टेरायटिस म्हणतात. यात गुठळी नसते. धमन्यांच्या भिंतींना सूज येऊन त्या आतून बंद होतात. तो ५० वर्षांनंतर होतो, बहुतेक वेळा सत्तरीच्या आसपास.

लक्षणं अशी: कानशिलाजवळ नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू हुळहुळणं, आणि घास चावता चावता जबडा भरून येऊन थांबावं लागणं, थांबलं की बरं वाटणं. ही शेवटची खूण फार बोलकी आहे. शिवाय सकाळी खांदे आणि मांड्या आखडणं, बारीक ताप, वजन घटणं. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण डोळ्याचा आणि जबड्याचा संबंध त्याच्या मनात येत नाही. तुमच्या घरच्यांना असं काही होत असेल तर विचारण्याची वाट न पाहता सांगा.

ईएसआर, सीआरपी आणि प्लेटलेट वाढलेले असले की संशय बळावतो. नजर गेलेली असेल तर शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ५०० ते १००० मिलिग्रॅम, साधारण तीन दिवस, आणि मग गोळ्या. कानशिलाच्या धमनीचा तुकडा काढून तपासतात, पण त्यासाठी स्टेरॉइड थांबवायचं नसतं. औषध सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत तुकडा काढला तरी निदान होतं. स्टेरॉइडने गेलेली नजर क्वचितच परत येते. ते दुसऱ्या डोळ्यासाठी असतं.

११. तपासणीत "डोळा नॉर्मल दिसतोय" म्हणाले, पण मला तर दिसत नाही. असं होतं का?

होतं, आणि लवकर पोहोचलेल्यांच्याच बाबतीत जास्त होतं. पुस्तकात दिसतं ते चित्र, पांढरट पडदा आणि मधोमध चेरीसारखा लाल ठिपका, तयार व्हायला काही तास लागू शकतात. पडदा सुजून पांढरा होतो. मध्यबिंदूपाशी तो अगदी पातळ असल्यामुळे मागचा लाल थर तिथून दिसत राहतो, तोच हा ठिपका. पहिल्या तासात सूजच आलेली नसते. अशा वेळी टॉर्चने बाहुल्यांची तपासणी आणि ओसीटी जास्त भरवशाचे. या दोन्ही झाल्या का, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही.

१२. समोरचं नीट दिसतं, फक्त वरचा अर्धा भाग गेला. हे कमी गंभीर आहे का?

नजरेसाठी कमी, बाकी शरीरासाठी नाही. धमनीची एकच फांदी बंद पडली की वरचा किंवा खालचा भाग जातो. काही लोकांच्या डोळ्यात मध्यबिंदूला रक्त देणारी एक वेगळी छोटी धमनी जन्मतः असते. मुख्य धमनी बंद पडली तरी त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा एखाद्या नळीतून पाहावा तसा दिसत राहतो. गुठळी कुठून आली हा प्रश्न तसाच उरतो, त्यामुळे घाई तीच आणि तपासणी तीच.

१३. सकाळी उठल्यापासून एका डोळ्याला धूसर दिसतंय, पूर्ण अंधार नाही. हेही तेच का?

बहुधा वेगळं, पण दवाखाना त्याच दिवशी गाठायचा. दोन कारणं जास्त आढळतात. एक, पडद्याची नीला तुंबणं: रक्त येतं पण परत जात नाही, आणि पडद्यावर सगळीकडे रक्ताचे फराटे दिसतात. रक्तदाब, मधुमेह आणि काचबिंदू असणाऱ्यांत हे जास्त होतं. पडद्याच्या मध्यावर सूज आली तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन ती उतरवतात आणि नजर पुष्कळदा सुधारते. दुसरं, डोळ्याच्या नसेच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटणं, ज्यात बहुतेक वेळा खालचा अर्धा भाग जातो. पन्नाशीपुढे इथेही प्रश्न १० मधला आजार आधी वगळावा लागतो.

विजा चमकल्यासारख्या दिसून, काळे ठिपके तरंगून मग कडेने सावली सरकत आली, तर पडदा सुटलेला असू शकतो. ते रक्तवाहिनीचं दुखणं नाही, त्यासाठी मात्र थेट नेत्रशल्यचिकित्सक गाठावा.

१४. वय तीस आहे. या वयात धमनी बंद पडू शकते?

पडू शकते, क्वचित. कारणं बदलतात: हृदयाच्या झडपेचा आजार किंवा कप्प्यांमधलं छिद्र, रक्त सहज गोठण्याची प्रवृत्ती, मानेला झटका बसून धमनीचा आतला थर फाटणं. मानेच्या एका बाजूला दुखत असेल किंवा एक पापणी उतरली असेल तर हे शेवटचं कारण आवर्जून सांगा. भुवयांच्या मध्ये किंवा नाकावर सौंदर्यासाठी फिलरचं इंजेक्शन घेताना नजर गेली, तर तो पदार्थ धमनीत शिरलेला असू शकतो; तिथे बऱ्याचदा दुखतंही. इंजेक्शन तिथल्या तिथे थांबवून, कोणता पदार्थ वापरला ते लिहून घेऊन निघायचं.

१५. नजर आली नाही. आता त्या डोळ्याची तपासणी कशाला करत राहायची?

रक्त न मिळालेल्या डोळ्यात पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत काही वेळा बुबुळावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अडवतात, दाब वाढतो आणि न दुखणारा डोळा असह्य दुखायला लागतो. सुरुवातीलाच पकडलं तर लेझर आणि इंजेक्शनांनी हे रोखता येतं. म्हणून पहिले काही महिने दर महिन्याला तपासणी करतात, आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालण्यापूर्वी बुबुळ बघतात, कारण मोठ्या झालेल्या बाहुलीच्या काठावरची बारीक रक्तवाहिनी सहज सुटून जाते.

उरलेल्या डोळ्यासाठी, नंबर नसला तरी, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा कायम वापरा. एका डोळ्याने खोलीचा अंदाज बिघडतो: पेल्यात पाणी ओतताना भांड्याचं तोंड पेल्याच्या काठाला टेकवा, जिना उतरताना कठडा धरा. गाडी चालवण्याबद्दल नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्र मोजून घेतल्यावरच ठरवा.